पहिल्या आठवणीच्या मेलला उत्तर येत नाही: मुदतीनंतरच्या चार दिवसांत अडतं कुठे?

माझ्या भावाचा पुण्यात पॅकेजिंग डिझाइनचा छोटा स्टुडिओ आहे. आम्ही चौघं जण. डिझाइन ते तिघं करतात, बिलं आणि वसुली मी बघते. या कामात एक अडचण मला दर महिन्याला भेटत होती. बिलाची मुदत संपते, तीन-चार दिवस जातात, मी नम्रपणे आठवणीचा मेल पाठवते आणि समोरून काहीच येत नाही. ना पैसे, ना नकार, ना साधं "बघतो". दोन आठवड्यांनी दुसरा मेल जातो तेव्हा माझा सूर आपोआप कडक झालेला असतो. मग समोरचा दुखावतो, कारण पहिला मेल त्याने नीट वाचलेलाच नसतो.

बरीच वर्षं मी याचा दोष क्लायंटला दिला. नंतर आमचेच जुने मेल काढून एका बैठकीत वाचले, तेव्हा लक्षात आलं की उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतंच. हा त्यातला एक, जसाच्या तसा:

> विषय: पेमेंटबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> आपल्याला त्रास देत आहे त्याबद्दल क्षमस्व. आमचं मागचं पेमेंट अजून पेंडिंग आहे असं दिसतं. आपल्या सवडीने जरा बघून घ्याल का? फार घाई नाही.
>
> धन्यवाद.

हा मेल सकाळी साडेदहाला उघडणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघा. कोणतं बिल? किती रकमेचं? कधीचं? आता नेमकं करायचं काय? बिल शोधायला तिला जुने मेल चाळावे लागणार आणि मेलमध्येच लिहिलंय की घाई नाही. ती मेल बाजूला ठेवणार आणि तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. "सवडीने" हा शब्द तर मी आता या मेलमधून कायमचा काढून टाकला आहे. सवडीने करायचं काम कुणाच्याच यादीत नसतं.

याच्या उलट टोकाचा मेल भावाने एकदा स्वतः पाठवला होता: "अद्याप भरणा झालेला नाही. तातडीने रक्कम जमा करावी, अन्यथा पुढील काम थांबवावे लागेल." मुदत संपून तेव्हा चार दिवस झाले होते. उत्तर आलं, पण मालकाचं आणि फोनवर. पैसे त्या आठवड्यात मिळाले. पुढच्या हंगामाचं काम मात्र आमच्याकडे आलं नाही.

चौथ्या दिवशी बिल कुठे असतं

सूर ठरवायच्या आधी हे समजून घ्यावं लागतं, कारण सूर त्यातूनच निघतो. मुदत संपून तीन-चार दिवस झालेलं बिल क्वचितच "द्यायचे नाहीत" म्हणून थांबलेलं असतं. आमच्या अनुभवात ते तीनपैकी एका जागी सापडतं.

पहिली जागा म्हणजे काम देणाऱ्या माणसाचा इनबॉक्स. आपण बिल मार्केटिंगच्या मॅडमना पाठवलेलं असतं, फायनल फाइल्सच्या मेलला जोडून. त्यांनी फाइल्स उतरवून घेतल्या, छपाईला पाठवल्या आणि बिल अकाउंट्सकडे पाठवायचं राहून गेलं. अकाउंट्सच्या दृष्टीने ते बिल अजून आलेलंच नाही.

दुसरी जागा अकाउंट्सचं टेबल. बिल पोचलंय, पण त्यावर पीओ क्रमांक, म्हणजे क्लायंटच्या खरेदी ऑर्डरचा क्रमांक नाही, काम मिळाल्याची सही नाही, किंवा नव्या व्हेंडरच्या नोंदणीला लागणारा रद्द केलेला चेक दिलेला नाही. अशी बिलं बाजूला ठेवली जातात आणि बऱ्याच ठिकाणी हे पाठवणाऱ्याला कळवायची पद्धतच नसते.

तिसरी जागा पेमेंटची यादी. बिल मंजूर आहे, पण त्या कंपनीत पैसे ठराविक दिवशीच निघतात. कुठे दर शुक्रवारी, कुठे महिन्याच्या १० आणि २५ तारखेला. आपली मुदत ३ तारखेला संपली तरी त्यांच्या लेखी ते १० च्या यादीतलं बिल आहे.

बँकेमुळे उशीर झाला, हे कारण आता फारसं उरलेलं नाही. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं. त्यामुळे मुदतीनंतर मी तीन-चार दिवस थांबते ते बँकेसाठी नाही, समोरच्याचा पेमेंटचा दिवस मध्ये येऊन जावा म्हणून. मुदतीच्या दुसऱ्याच सकाळी मेल टाकला तर आपण घड्याळ लावून बसलोय असं दिसतं. वीस दिवस थांबलो तर पुढच्या बिलाची मुदतही वीस दिवसांनी वाढली असं समोरचा धरून चालतो.

या तिन्ही जागांत एक गोष्ट समान आहे. मेल वाचणाऱ्याची चूक झालेली असेल किंवा नसेल, त्याला स्वतःला ते अजून ठाऊक नसतं. म्हणून पहिला मेल चौकशीचा असावा लागतो. माफीचा नको, कारण आपण काही चुकीचं केलेलं नाही. आरोपाचा नको, कारण आरोप करण्याइतकं आपल्याला अजून काही माहीत नाही. त्या मेलने दोनपैकी एक गोष्ट मिळवायची: पैशांची तारीख, नाहीतर अडचणीचं नाव.

पाठवण्याआधी स्वतःचं बँक स्टेटमेंट

हे मी अनुभवातून शिकले आणि तो प्रसंग अजून बोचतो. एका क्लायंटचं बिल ५९,००० रुपयांचं होतं: फी ५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ९,०००. मी बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ५९,००० शोधले, सापडले नाहीत, मेल टाकला. दहा मिनिटांत उत्तर आलं, बँकेतल्या त्या व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकासकट. पैसे मुदतीच्या दोन दिवस आधी जमा झाले होते, ५४,०००. त्यांनी १० टक्के टीडीएस कापला होता. टीडीएस जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापतात, बिलावर कर वेगळा दाखवला असेल तर. म्हणजे ५०,००० वर ५,०००. वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाला मी थकबाकीदार ठरवलं होतं. मी लगेच फोन करून माफी मागितली.

तेव्हापासून मी रकमेवरून शोधत नाही. बिलाच्या तारखेपासून आजपर्यंतच्या सगळ्या जमा नोंदी एकेक वाचते. कधी पैसे समूहातल्या दुसऱ्या कंपनीच्या नावाने येतात, कधी दोन बिलं एकत्र येतात. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते झाल्याशिवाय मेल जात नाही.

दुसरी तपासणी मुदतीची. तुमच्या बिलावर ३० दिवस लिहिलं आहे, पण ते कधीपासून मोजायचे? आपण बिलाच्या तारखेपासून मोजतो. पुष्कळ कंपन्या पूर्ण कागदांसह बिल अकाउंट्सला मिळालं त्या दिवसापासून मोजतात. पीओवर हे बहुतेक वेळा छापलेलं असतं, फक्त आपण वाचलेलं नसतं. पीओ तसं सांगत असेल तर तुमच्या मते संपलेली मुदत त्यांच्या मते अजून चालू असते. अशा वेळी "मुदत संपली" हे वाक्यच चुकीचं ठरतं.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

मसाल्याची पाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीसाठी आम्ही सहा लेबलं केली होती. फी ८०,०००, जीएसटी १४,४००, एकूण बिल ९४,४००. तारीख ३ जून २०२५, मुदत ३० दिवस, म्हणजे ३ जुलै, गुरुवार. शुक्रवार आणि शनिवार मी थांबले. रविवारी आषाढी एकादशी होती. सोमवारी स्टेटमेंट वाचलं, त्यांच्याकडून काही आलेलं नव्हतं. मंगळवारी, ८ तारखेला, सकाळी मेल टाकला. सोमवारी सकाळी मी सहसा टाकत नाही, तेव्हा सगळ्यांचेच इनबॉक्स तुंबलेले असतात.

> विषय: बिल क्र. ०३१/२५-२६, रु. ९४,४००, मुदत ३ जुलै – पेमेंटची तारीख कळवावी
>
> नमस्कार मॅडम,
>
> मसाला पाकिटांच्या सहा लेबलांचं आमचं बिल क्र. ०३१/२५-२६ (दि. ३ जून २०२५) याची मुदत ३ जुलैला संपली. काल संध्याकाळपर्यंत ती रक्कम आमच्या खात्यात जमा झालेली दिसत नाही.
>
> बिलाची रक्कम रु. ९४,४००. टीडीएस रु. ८,००० वजा जाता येणं रु. ८६,४००. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.
>
> बिल मंजूर व्हायला एखादा कागद किंवा तपशील कमी पडत असेल तर सांगा, आजच पाठवते. काही अडलेलं नसेल तर पेमेंट कोणत्या तारखेला निघेल, तेवढं शुक्रवार, ११ जुलैपर्यंत कळवाल का?
>
> पैसे आधीच पाठवले असतील तर यूटीआर क्रमांक कळवावा, म्हणजे आमच्याकडे नोंद करून घेता येईल. बँकेचा तपशील बिलावर आहे तोच, त्यात बदल नाही.
>
> (नाव, मोबाइल क्रमांक)

आता यातल्या काही जागांबद्दल.

विषयाची ओळ लांब आहे हे खरं, पण ती मुद्दाम तशी आहे. मॅडमनी मेल न उघडता अकाउंट्सला पुढे पाठवला तरी तिथल्या माणसाला बिल क्रमांकावरून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बिल शोधता आलं पाहिजे. "पेमेंटबाबत" या विषयाचे मेल त्याच्याकडे रोज दहा येत असतील. "तातडीचे", "अंतिम" असे शब्द विषयात नकोत. चौथ्या दिवशी अंतिम काहीच नसतं आणि खरोखर अंतिम मेल पाठवायची वेळ आली तर तो शब्द आधीच वापरून झालेला असतो.

पहिलं वाक्य सगळ्यात जास्त वेळा लिहून खोडलं. "आपण अजून पैसे दिलेले नाहीत" असं लिहिलं की वाक्याचा कर्ता समोरचा माणूस होतो आणि त्याच्याकडे बोट जातं. "बिलाची मुदत ३ जुलैला संपली" यात कर्ता मुदत आहे आणि तारीख तर दोघांनाही मान्य असलेली गोष्ट. पुढचं वाक्यही "जमा झालेली दिसत नाही" एवढंच म्हणतं. आपल्याला जे दिसतं तेवढंच आपण सांगतो. मराठीत हे सहज जमतं, त्यासाठी गोलगोल बोलावं लागत नाही.

"थकबाकी" हा शब्द मी पहिल्या मेलमध्ये वापरत नाही. आपल्याकडे थकबाकी वीजबिलाची असते, कर्जाच्या हप्त्याची असते. त्याला नोटिशीचा वास आहे. "येणं" किंवा "बाकी" म्हटलं तरी अर्थ पोचतो. तसंच "आशा आहे की आपण कुशल असाल" हे सुरुवातीचं वाक्यही काढलं. ज्यांच्याशी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलतो त्यांना हे लिहिलं की पुढे काहीतरी अवघड येणार हे त्यांना लगेच कळतं. नमस्कार पुरतो. मालक वयाने मोठे असतील आणि मी त्यांना एरवी काका म्हणत असेन, तर मेलमध्येही "नमस्कार काका" लिहिते. पैशाच्या मेलपुरतं "महोदय" झालं की माणूस दचकतो.

रकमेच्या ओळीत टीडीएस वजा करून आकडा दिला आहे. त्यामुळे तो आमच्याकडून कबूल होतो आणि त्यांचा हिशोब वेगळा असेल तर तेही लगेच समोर येतं. एकदा क्लायंटने आम्ही धरलेल्या दरापेक्षा वेगळ्या दराने टीडीएस धरला होता आणि त्या फरकासाठी त्यांच्या अकाउंट्सने बिल अडवून ठेवलं होतं. ते आम्हाला या ओळीमुळेच कळलं.

मेलचा जीव मात्र तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथे आधी अडचण विचारली आहे आणि मग तारीख. हा क्रम उलटा केला तर अडचण असलेला माणूस गप्प बसतो, कारण त्याला तारीख देता येत नाही आणि तारखेशिवाय उत्तर देणं त्याला अर्धवट वाटतं. अडचण आधी विचारली की त्याला मानाने सांगता येतं, "हो, पीओ क्रमांक नाहीये." आणि उत्तरासाठी दिलेला शुक्रवार महत्त्वाचा आहे. तो पैशांसाठी नाही, फक्त उत्तरासाठी आहे. तीन दिवसांत पैसे मागणं कडक होतं, तीन दिवसांत तारीख मागणं रास्त आहे. "लवकरात लवकर" म्हटलं तर प्रत्येकाचं लवकर वेगळं असतं.

"आधीच पाठवले असतील तर" हे वाक्य शेवटी ठेवलं आहे. पूर्वी मी त्यानेच सुरुवात करायची. तसं केलं की अख्ख्या मेलचं वजन जातं: वाचणाऱ्याला वाटतं, दिले असतील बहुधा, आणि तो पुढे वाचत नाही.

बँकेचा तपशील मेलच्या मजकुरात पुन्हा लिहायचा नाही, हे मला एका क्लायंटच्या अकाउंटंटने सांगितलं. व्हेंडरच्या नावाने खोटे मेल पाठवून खाते क्रमांक बदलायला लावायची फसवणूक इतकी वाढली आहे की मेलमध्ये खाते क्रमांक दिसला की ते पेमेंट थांबवून आधी फोनवर खात्री करतात. म्हणून "बिलावर आहे तोच, बदल नाही" एवढंच लिहायचं. खातं खरंच बदललं असेल तर ते आठवणीच्या मेलमध्ये सांगू नका. ते वेगळं आणि आधी कळवायचं काम आहे.

कुणाला आणि कोणत्या मेलच्या उत्तरात

मेल काम देणाऱ्या व्यक्तीला जातो, अकाउंट्सचा पत्ता माहीत असेल तर ते सीसीमध्ये. मालकांना किंवा मॅडमच्या वरिष्ठांना सीसीमध्ये घालायचं नाही. चौथ्या दिवशी वरिष्ठांना प्रत गेली की मॅडमच्या दृष्टीने ती तक्रार होते. मग पुढच्या कामाच्या वेळी त्यांना ते आठवतं.

बिल ज्या मेलने पाठवलं होतं त्यालाच उत्तर म्हणून आठवण पाठवली तर उत्तम, कारण बिल कधी गेलं याचा पुरावा खाली आपोआप राहतो. पण ते बिल "फायनल फाइल्स, लेबल ३ मधली दुरुस्ती" अशा विषयाच्या साखळीत गेलं असेल तर नवा मेल लिहा आणि बिल पुन्हा जोडा. आम्ही आता बिल नेहमी स्वतंत्र मेलनेच पाठवतो, विषयात क्रमांक आणि मुदत घालून. मग आठवणीच्या वेळी शोधाशोध होत नाही. जोडलेल्या फाइलचं नावही बघा. `scan0012.pdf` या फाइलमध्ये काय आहे हे ती उघडल्याशिवाय कुणालाच कळत नाही. `Bill_031_25-26_03Jun2025.pdf` लगेच ओळखू येतं.

छोट्या क्लायंटचा बहुतेक व्यवहार व्हॉट्सॅपवर चालतो. तिथे मी अख्खा मेल चिकटवत नाही. "मॅडम, बिल ०३१ बद्दल मेल टाकला आहे, बघाल का" एवढी एक ओळ. तपशील मेलमध्येच राहू दे, कारण सहा महिन्यांनी शोधायची वेळ आली तर चॅटमध्ये ते सापडत नाही.

कायदा आणि व्याज: अजून नाही

आमच्यासारख्या, सरकारकडे उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगांना सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं संरक्षण आहे. लेखी करारात ठरलेली मुदतसुद्धा ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, काहीच ठरलेलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत न देता वर्षअखेर बाकी ठेवले, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत क्लायंटला आयकरात तो खर्च धरता येत नाही. हे सगळं खरं आहे आणि पहिल्या मेलमध्ये यातलं एक अक्षरही नको. ज्या माणसाने बिल फक्त पुढे पाठवायचं विसरलंय, त्याला कलम दाखवलं की मेल थेट वकिलाकडे किंवा सीएकडे जातो आणि मग सगळंच थंडावतं.

त्याऐवजी उद्यम क्रमांक बिलावर छापून ठेवा, जीएसटी क्रमांकाखाली. अकाउंट्सचा माणूस तो बरोबर बघतो. त्याला त्याचा अर्थ आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो.

उत्तरं आली की

मसाल्याच्या कंपनीचं उत्तर त्याच दिवशी दुपारी आलं, सीसीमधल्या अकाउंट्सच्या बाईंकडून. बिलावर पीओ क्रमांक नव्हता, म्हणून ते १२ जूनपासून बाजूला ठेवलेलं होतं. म्हणजे मी हा मेल "सवडीने बघा" असा पाठवला असता तर ते बिल तिथेच पडून राहिलं असतं.

त्यांनी पीओ क्रमांक घालून नव्या तारखेचं बिल मागितलं. इथे घाईत "हो" म्हणू नका. नव्या तारखेचं बिल दिलं की ३० दिवस पुन्हा सुरू होतात. शिवाय जूनचं बिल आपण जीएसटीत दाखवलेलं असतं किंवा दोन-तीन दिवसांत दाखवणार असतो, मग त्याचा घोळ वेगळा. पीओ क्रमांक हा जीएसटीच्या बिलावर सक्तीने लागणारा तपशील नाही. म्हणून आम्ही क्रमांक, तारीख आणि रक्कम तीच ठेवून पीओ क्रमांक घातलेली प्रत त्याच संध्याकाळी पाठवली आणि लिहिलं: "बिलाची तारीख ३ जूनच ठेवली आहे, मुदत त्यावरूनच धरावी ही विनंती. पुढचं पेमेंट कोणत्या तारखेच्या यादीत घेता येईल?" १० तारखेची यादी बंद झाली होती. २५ ची तारीख मिळाली. ती मी तिथेच कॅलेंडरमध्ये टाकली आणि मधल्या काळात एकही मेल केला नाही. तारीख मिळाल्यावर त्या तारखेआधी पुन्हा विचारणं म्हणजे दिलेल्या शब्दावर अविश्वास.

"प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर ते उत्तर नाही. त्याला "धन्यवाद" म्हणून गप्प बसायचं नाही. "कोणत्या तारखेच्या यादीत आहे?" एवढंच परत विचारायचं. तारीख नसेल तर बहुधा बिल मंजूरच झालेलं नसतं आणि ते या प्रश्नाने उघड होतं. "लेबल ४ चा रंग बरोबर नव्हता" असं उत्तर आलं तर हा पैशांचा मुद्दा राहिलेला नाही, कामाचा आहे. त्या मेलला वसुलीच्या सुरात उत्तर देऊ नका, डिझाइनरला फोनवर बसवा. आणि वादात नसलेल्या पाच लेबलांचे पैसे आधी सोडता येतील का, हे स्वतंत्र विचारा.

शुक्रवार उलटूनही काहीच आलं नाही तर मी दुसरा मेल लिहीत नाही. सोमवारी दुपारी फोन करते, काम देणाऱ्याला नाही, थेट अकाउंट्सला, आणि फक्त विचारते, "बिल क्रमांक ०३१ तुमच्याकडे नोंदलं गेलंय का?" हो किंवा नाही, उत्तर मिळतंच. फोन झाल्यावर त्याच साखळीत दोन ओळी: आज अमुक वाजता बोलणं झालं, बिल नोंदलेलं आहे, पेमेंट अमुक तारखेला अपेक्षित.

या मेलने जे होत नाही तेही लिहून ठेवते. क्लायंटकडे खरंच पैसे नसतील तर कितीही नीट लिहिलेल्या मेलने ते येत नाहीत. तेव्हा फोनवर बसून हप्ते ठरवावे लागतात. आणि दर वेळी दोन महिने लावणाऱ्यांसाठी पहिल्या मेलचा सूर बदलून उपयोग नाही, त्यांच्याशी पुढच्या कामाच्या आधी आगाऊ रकमेचं बोलावं लागतं.

मसाल्याच्या कंपनीचे ८६,४०० रुपये २५ जुलैला जमा झाले. ऑगस्टच्या बिलावर आम्ही पीओ क्रमांक सगळ्यात वर घातला आणि ते मॅडमबरोबर अकाउंट्सच्या त्या बाईंनाही थेट पाठवलं.